पावती कुणाची, हे विचारायचं कुणी?

२०११ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सिटीग्रुप बँकेच्या लक्षात आलं, की क्रेडिट कार्डधारकांची माहिती कुणीतरी संकेतस्थळावरून उपसून नेली आहे. जूनमध्ये बँकेने ते जाहीर केलं. पुढे आकडा निघाला तो सुमारे ३ लाख ६० हजार खात्यांचा. चोरी कशी झाली याचं वर्णन तेव्हा वृत्तपत्रांत आलं, आणि ते वाचून जाणकारांनी कपाळाला हात लावला. चोर ग्राहकांच्या दरवाज्यातूनच रीतसर लॉगिन करून आत गेले होते. आत गेल्यावर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, पानाच्या पत्त्यात, खातं ओळखण्यासाठीचा एक आकडा त्यांना दिसला. त्यांनी तो बदलून पाहिला, तर दुसऱ्याचं खातं उघडलं. मग तेच काम एका छोट्या प्रोग्रामला लावून दिलं.

यात पासवर्ड फुटला नव्हता आणि कुठलं गुप्तलेखनही मोडलं नव्हतं. आत आलेल्या माणसाला प्रत्येक पान देताना ‘हे खातं तुझं आहे का?’ एवढं विचारायला सर्व्हर विसरला होता. संकेतस्थळांच्या सुरक्षेची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा पासवर्डभोवतीच फिरते. मोठं अक्षर घाला, आकडा घाला, दर तीन महिन्यांनी बदला, वगैरे. माझ्या मते सगळ्यात जास्त पडझड होते ती लॉगिन झाल्यानंतर. चांगली गोष्ट अशी, की ही पडझड तपासायला महागडी साधनं लागत नाहीत. दोन ब्राउझर, दोन चाचणी खाती आणि थोडा चिकटपणा असला की बरंच काही सापडतं.

आधी एक अडचण समजून घ्यावी लागेल. ज्या पद्धतीने ब्राउझर आणि सर्व्हर बोलतात, त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. तुम्ही एक पान मागितलं, ते मिळालं, संबंध संपला. पुढचं पान मागताना तुम्ही सर्व्हरला पुन्हा अनोळखीच असता. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी यावर कुकीचा उपाय काढला. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखंच हे काम: तिथला माणूस तुमचा चेहरा लक्षात ठेवत नाही, बिल्ला दाखवेल त्याला त्या नंबरची चप्पल देतो. लॉगिन झाल्यावर सर्व्हर असाच एक लांबलचक, अंदाज न करता येणारा क्रमांक ब्राउझरला देतो आणि त्या क्रमांकापुढे स्वतःच्या वहीत नोंद करतो, की हा अमुक सभासद. ब्राउझर पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत तो क्रमांक न सांगता पाठवत राहतो. या सगळ्या व्यवहाराला सेशन म्हणतात. क्रमांक ज्याच्या हाती, तो सर्व्हरच्या दृष्टीने तुम्हीच.

आता तपासणीसाठी एक पतसंस्था कल्पू. तिचं पोर्टल पीएचपीत लिहिलेलं आहे, कारण अशी छोटी पोर्टलं अजूनही बरीचशी पीएचपीतच असतात. सभासदाला त्यात पासबुक दिसतं, हप्त्याच्या पावत्या मिळतात, एका खात्यातून दुसऱ्यात पैसे पाठवता येतात. क्लार्कला सगळ्या सभासदांची यादी दिसते, व्यवस्थापकाला कर्ज मंजूर करता येतं. आपण चाचणीसाठी वेगळी प्रत मागून घेतली आहे. तिच्यात खोटे सभासद भरले आहेत, त्यांतली सुमन आणि बाळू ही दोन खाती आपल्या हातात आहेत. सोबत क्लार्कचंही एक खातं आहे. सुमन फायरफॉक्समध्ये, बाळू क्रोममध्ये. दोन वेगळे ब्राउझर अशासाठी, की एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये कुकी एकच असते, आणि मग कोण कुणाच्या नावाने बोलतंय याचा गोंधळ होतो.

संस्थेची लेखी परवानगीही हातात आहे, कुठला पत्ता तपासायचा आणि कधीपर्यंत, हे लिहिलेली. ही औपचारिकता नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं येतं, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी फक्त आकडा बदलून पाहत होतो’ हा बचाव पोलीस ठाण्यात फार पटत नाही. हात साफ करायचा असेल तर ज्यूस शॉप किंवा डीव्हीडब्ल्यूए ही मुद्दाम सदोष बनवलेली मोफत सॉफ्टवेअरं स्वतःच्या लॅपटॉपवर चालवता येतात.

लॉगिनच्या पानावर फार वेळ काढायचा नाही, पण दोन गोष्टी बघायच्या. अस्तित्वात नसलेला सभासद क्रमांक टाकला तर पान काय म्हणतं, आणि खरा क्रमांक टाकून चुकीचा पासवर्ड दिला तर काय म्हणतं? पहिल्याला ‘असा सभासद नाही’ आणि दुसऱ्याला ‘पासवर्ड चुकला’ असं उत्तर आलं, तर बाहेरच्या माणसाला कोणते क्रमांक खरे आहेत याची यादी घरबसल्या तयार करता येईल. दोन्ही वेळा एकच वाक्य यायला हवं. लॉगिनच्या पानावर ही काळजी घेतलेली असते आणि ‘पासवर्ड विसरलात?’ या पानावर नेमकी सुटलेली असते, म्हणून तेही पाहायचं.

दुसरी गोष्ट मोजणीची. ओटीपी चार आकडी असेल तर एकूण शक्यता १० हजार. सेकंदाला दहा प्रयत्न करणाऱ्या साध्या प्रोग्रामला त्या सगळ्या संपवायला १००० सेकंद लागतात, म्हणजे सतरा मिनिटांच्या आत काम तमाम. सहा आकडी असेल तर शक्यता १० लाख; पण चुकीच्या प्रयत्नांना मर्यादाच नसेल तर तेही फक्त वेळेचं काम. २०१६ मध्ये बंगळुरूच्या आनंद प्रकाश यांनी फेसबुकमध्ये हेच दाखवून दिलं. मुख्य संकेतस्थळावर पासवर्ड बदलण्याचा सहा आकडी कोड दहा-बारा वेळा चुकला की दार बंद व्हायचं. पण `beta.facebook.com` या चाचणीच्या पत्त्यावर ती मर्यादा लावायची राहून गेली होती. त्यांनी प्रयोग स्वतःच्याच खात्यावर केला, कंपनीला कळवलं, आणि १५ हजार डॉलर बक्षीस मिळवलं. आपल्या पतसंस्थेत मुख्य पान आणि मोबाइल अ‍ॅप ज्या वेगळ्या पत्त्याशी बोलतं तो पत्ता, दोन्हीकडे बाळूचा ओटीपी मुद्दाम वीसेक वेळा चुकवून पाहायचा. अकराव्या प्रयत्नालाही सर्व्हर पहिल्याइतक्याच शांतपणे ‘चुकला’ म्हणत असेल, तर मर्यादा नाही असं समजायचं. अर्थात कुलूप लागणं हीसुद्धा पूर्ण सोय नव्हे. पाच चुकांनंतर खातं कायमचं बंद होत असेल तर कुणीही वात्रट माणूस अख्ख्या पतसंस्थेचे सभासद बाहेर बसवू शकतो. थोड्या वेळासाठी थांबवणं आणि थांबण्याचा वेळ वाढवत नेणं, हे अधिक शहाणपणाचं.

आता सेशनकडे. फायरफॉक्समध्ये लॉगिनचं पान उघडायचं, पण लॉगिन करायचं नाही. F12 दाबलं की खाली विकासकांची साधनं उघडतात. त्यातल्या Storage या भागात कुकी दिसतात, क्रोममध्ये हाच भाग Application नावाने आहे. तिथे `PHPSESSID` नावाची कुकी दिसेल. तिची किंमत कागदावर उतरवायची. मग सुमनच्या नावाने लॉगिन करून पुन्हा पाहायचं. किंमत बदलली असेल तर ठीक. तीच राहिली असेल, तर लॉगिनआधीचा क्रमांक लॉगिननंतरही चालतो आहे, आणि यात एक डाव दडलेला असतो: कुणी आधीच स्वतःला माहीत असलेला क्रमांक सुमनच्या ब्राउझरमध्ये बसवला, तर सुमनने लॉगिन करताच त्यालाही आत शिरता येतं. उपाय एका ओळीचा आहे. पासवर्ड बरोबर ठरल्याबरोबर `session_regenerate_id(true)` लिहायचं.

त्याच ठिकाणी कुकीसोबतचे शेरे वाचायचे. सर्व्हरने ती साधारण अशी पाठवलेली असावी:

```
Set-Cookie: PHPSESSID=9f3c...; Path=/; Secure; HttpOnly; SameSite=Lax
```

`Secure` म्हणजे ही कुकी फक्त https वरून पाठव. याचं महत्त्व २०१० मध्ये एरिक बटलर यांच्या फायरशीप या फायरफॉक्सच्या जोडसाधनाने सगळ्या जगाला दाखवलं. त्या काळी बरीच मोठी संकेतस्थळं लॉगिनचं पान तेवढं https ने झाकायची आणि बाकी सगळं उघडं ठेवायची. कॉफीच्या दुकानातल्या मोकळ्या वायफायवर फायरशीप चालू केलं की आसपासच्या लोकांची फेसबुक आणि ट्विटर खाती यादीसारखी समोर येत, आणि नावावर क्लिक केलं की तुम्ही आत. पासवर्ड कुणाचाच लागत नसे, कुकी हवेतून मिळत होती. `HttpOnly` म्हणजे पानावर चालणाऱ्या जावास्क्रिप्टला ही कुकी वाचू देऊ नकोस. त्याची गरज पुढे येईल.

यानंतरची चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात हमखास काहीतरी सापडतं. सुमनची कुकी उतरवून घ्यायची, मग तिच्या पानावरचं ‘लॉगआउट’ दाबायचं. लॉगिनचं पान दिसतं, सगळं छान. आता ब्राउझर बाजूला ठेवून तीच जुनी कुकी घेऊन पासबुक मागायचं:

```
curl -i -b "PHPSESSID=9f3c..." https://test.example/passbook.php
```

सर्व्हरने दार लावून घेतलं पाहिजे. पण अनेकदा अख्खं पासबुक छापून येतं. म्हणजे ‘लॉगआउट’ने फक्त ब्राउझरमधली कुकी पुसली, सर्व्हरच्या वहीतली नोंद तशीच राहिली. सुमनची कुकी आधीच कुणाच्या हाती लागली असेल, तर तिने कितीही वेळा लॉगआउट केलं तरी त्याचं काही बिघडत नाही. पासवर्ड बदलल्यावर जुन्या कुकी मरतात का, हेही याच पद्धतीने पाहायचं. काही नव्या पोर्टलांत कुकीच्या जागी सहीचं टोकन असतं, जेडब्ल्यूटी म्हणतात ते. त्यावर मुदत लिहिलेली असते आणि सर्व्हर वही ठेवतच नाही. तिथे लॉगआउटचा प्रश्न आणखी अवघड, कारण रद्द टोकनांची यादी वेगळी ठेवल्याशिवाय दिलेलं टोकन मुदतीआधी परत घेता येत नाही.

या चाचणीत उत्तर वाचताना एक खोच आहे. पहिल्या ओळीत `302` आलं आणि पुढे `Location: login.php` दिसलं की बरेच जण ‘पास’ लिहून पुढे जातात. थांबून खालचा मजकूरही वाचावा. पीएचपीत अशी चूक वारंवार आढळते:

```
if (!isset($_SESSION['member_id'])) {
    header('Location: login.php');
}
// पुढे पासबुक छापणारा भाग
```

`header` ही ओळ ब्राउझरला ‘दुसरीकडे जा’ एवढंच सांगते, पण प्रोग्राम तिथे थांबत नाही. तो पुढे चालतो आणि पासबुक छापून त्याच उत्तरात पाठवतो. ब्राउझर आज्ञाधारकपणे लॉगिनच्या पानावर जातो, म्हणून डोळ्यांना काहीच दिसत नाही. `curl` कुठे जात नाही, आलेलं सगळं समोर ठेवतं. `header` खाली `exit;` हा एक शब्द राहिलेला असतो. लॉगआउट नीट झालेलं असलं, तरी पासबुक कसं लिहिलंय त्यावर या गळतीतून कमीअधिक माहिती बाहेर पडते.

निष्क्रियतेची मुदत हाही असाच फसवा मामला. ‘पीएचपीत आपोआप चोवीस मिनिटांनी सेशन संपतं’ असं विकासक सांगतात, कारण `session.gc_maxlifetime` ची मूळ किंमत १४४० सेकंद असते. पण तो आकडा म्हणजे इतका वेळ पडून राहिलेली नोंद केराची टोपली दाखवायला हरकत नाही, एवढंच. टोपली कधी रिकामी होईल हे वेगळं ठरतं. वर्दळ कमी असलेल्या पोर्टलवर नोंद तासन्‌तास जिवंत राहू शकते. काउंटरवरच्या एकाच संगणकावर तीन क्लार्क आळीपाळीने बसतात अशा संस्थेत हे महागात पडतं. शेवटच्या हालचालीची वेळ सेशनमध्येच लिहून दर विनंतीला ती तपासणं, हाच भरवशाचा मार्ग. चाचणीही साधी: क्लार्कच्या नावाने लॉगिन करा, जेवून या, आणि पान ताजं करा.

फॉर्मांकडे वळताना मी एक आडनाव वापरते: D'Souza. वसईत आणि गोव्यात ते इंग्रजीत असंच, मध्ये चिन्ह देऊन लिहिणारी खरी माणसं आहेत, त्यामुळे सभासद शोधण्याच्या चौकटीत ते टाकणं हा हल्लाही नव्हे. क्लार्कच्या नावाने हे आडनाव शोधलं आणि पान कोसळलं, तर आत काय घडलं ते असं असतं:

```
SELECT * FROM members WHERE surname = 'D'Souza'
```

विकासकाने आलेला मजकूर उचलून तसाच डेटाबेसच्या आज्ञेत चिकटवला. नावातल्या चिन्हाने अवतरण मध्येच संपलं, आणि `Souza` हा पुढचा तुकडा डेटाबेसला आज्ञेचा भाग वाटला. त्याला तो कळला नाही, म्हणून पान कोसळलं. पण समजणारा तुकडा कुणी लिहिला असता तर त्याने तो पाळलाही असता. खात्रीसाठी दुसरा शोध `D''Souza` असा, दोन चिन्हं देऊन. एका चिन्हाला पान कोसळतं आणि दोनला शहाण्यासारखं चालतं, तर मजकूर आज्ञेत मिसळतो याला भक्कम पुरावा मिळाला. इथे थांबायचं. पुढे जाऊन सभासदांची यादी बाहेर काढून दाखवण्याने अहवालात भर पडत नाही.

यावर विकासकांचा हुकमी उपाय असतो, ते चिन्हच टाकू न देणं. मग डिसोझाबाईंना स्वतःचं नाव लिहिता येत नाही आणि भोक शिल्लक राहतंच, कारण आकड्यांच्या चौकटीत चिन्हाशिवायही खोडी करता येते. योग्य उपाय असा, की आज्ञेचा साचा आधी डेटाबेसला द्यायचा, मजकुराच्या जागी `?` ठेवायचं, आणि मजकूर वेगळा पाठवायचा. मग तो काहीही असो, मजकूरच राहतो. हा दोष १९९८ पासून जाहीरपणे माहीत आहे. तरी २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीतून याच मार्गाने १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली, आणि तीही विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या पानांतून. ती पानं अजून चालू आहेत हेच कंपनीला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी ४ लाख पौंड दंड झाला. म्हणून पतसंस्थेत पहिल्या दिवशी मी जुनी पोर्टलं, जुने पत्ते, ‘ते आता कुणी वापरत नाही’ अशी पानं यांची यादी मागते.

पैसे पाठवण्याच्या फॉर्ममध्ये रकमेची चौकट १०० ते ५०,००० एवढंच घेते. पण ही मर्यादा ब्राउझरमध्ये लिहिलेली आहे, आणि ब्राउझर वापरणाऱ्याच्या मालकीचा आहे. F12 दाबून चौकटीवरचं `min="100"` खोडायचं आणि सुमनच्या खात्यातून बाळूला -५०० पाठवायचे. सर्व्हरने ते घेतले तर वजाबाकीची बेरीज होते: सुमनचे पाचशे वाढतात, बाळूचे कमी होतात, आणि बाळूला कुणी विचारलेलं नसतं. ब्राउझरमधली तपासणी सोयीसाठी असते, सुरक्षेसाठी तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा व्हावी लागते. आपल्याकडची एक खास चाचणी मी यात घालते. मराठी कळफलकावरून चौकटीत ‘५००’ असे देवनागरी आकडे पाठवायचे. पीएचपीला हा मजकूर `(int)` लावून आकड्यात बदलायला सांगितला तर तो निमूटपणे शून्य देतो, आणि काही पोर्टलं त्या शून्य रुपयांची रीतसर पावतीही फाडतात. हा हल्ला नव्हे, पण सर्व्हर आलेलं तपासतो की नुसतं गिळतो, हे त्यावरून कळतं.

तिसरी चौकट पत्त्याची. सुमनच्या पत्त्यात `<b>पेठ</b>` लिहून ठेवायचं आणि क्लार्कच्या पडद्यावर जाऊन पाहायचं. तिथे `<b>` जसंच्या तसं दिसलं तर ठीक. ‘पेठ’ ठळक अक्षरात दिसलं, तर सुमनने लिहिलेला मजकूर क्लार्कच्या ब्राउझरने पानाचा भाग समजून चालवला. आज अक्षर ठळक झालं, उद्या त्या जागी क्लार्कच्या नावाने काम करणारी स्क्रिप्ट येईल. `HttpOnly` असेल तर तिला कुकी वाचता येणार नाही, पण कुकी न वाचताही ती क्लार्कच्या वतीने बटणं दाबू शकते. म्हणून मजकूर पानावर छापताना `htmlspecialchars` मधून काढायचा, प्रत्येक ठिकाणी.

इतकं सगळं नीट निघालं तरी सिटीग्रुपचा प्रश्न शिल्लकच आहे. सुमनने स्वतःची पावती उघडली. पत्ता असा दिसतो:

```
https://test.example/receipt.php?id=1041
```

क्रोममध्ये बाळूने आपली पावती उघडली, ती १०३८. आता सुमनच्या ब्राउझरमध्ये १०४१ च्या जागी १०३८ लिहायचं. बाळूचं नाव, खाते क्रमांक आणि हप्ता समोर आला, तर तपासणीतला सगळ्यात गंभीर दोष सापडला. लॉगिन आहे का, हे पान विचारतं. पावती कुणाची, हे विचारत नाही. ओवॅस्प ही संकेतस्थळांच्या सुरक्षेवर काम करणारी संस्था दर काही वर्षांनी धोक्यांची यादी काढते. २०२१ च्या यादीत प्रवेशहक्कांतल्या अशा त्रुटी पाचव्या क्रमांकावरून पहिल्यावर आल्या, याचं मला नवल वाटलं नाही. झॅपसारखी मोफत साधनं कोसळणारं पान आपोआप पकडतात, कारण कोसळणं दिसतं. इथे मात्र पान उत्तम चालतं. १०३८ ही पावती सुमनला दिसायला नको, हे साधनाला कोण सांगणार? ते संस्थेचा कारभार समजलेल्या माणसालाच ठाऊक. दोन खात्यांची गरज याचसाठी.

पत्ता बदलून पाहणं ही सुरुवात झाली. तीच पावती पीडीएफ म्हणून उतरवण्याचा पत्ता वेगळा असतो, मोबाइल अ‍ॅपचा वेगळा, आणि माहिती बदलण्याच्या विनंत्या तर पत्त्याच्या पट्टीत दिसतही नाहीत. त्यांच्यासाठी झॅप मध्ये बसवून ब्राउझर जे पाठवतो ते थांबवायचं, बाळूचा क्रमांक घालून पुढे सोडायचं. वारसदार बदलण्याच्या फॉर्ममध्ये `member_id` नावाची लपवलेली चौकट असते, ती मी आधी पाहते. ती बदलून सुमन बाळूचा वारसदार ठरवू शकली, तर केवळ वाचण्यापेक्षा ते कितीतरी वाईट.

मग पायरी वर चढायची. क्लार्कच्या नावाने कर्जमंजुरीच्या यादीचा पत्ता उतरवून घ्यायचा आणि सुमनच्या ब्राउझरमध्ये चिकटवायचा. उघडला तर विकासक जे म्हणतो ते ठरलेलं आहे: “पण मॅडम, सभासदाच्या मेन्यूत ती लिंक येतच नाही.” मेन्यू कोणता दाखवायचा हा सजावटीचा निर्णय झाला. पत्ता जुन्या मेलमध्ये असतो, ब्राउझरच्या इतिहासात असतो, गेल्या वर्षी नोकरी सोडलेल्या क्लार्कच्या लक्षातही असतो.

आणखी एक उपाय सुचवला जातो: १०३८, १०३९ असे ओळीने येणारे आकडे काढून लांब, विस्कळीत क्रमांक द्यायचे. त्याने अंदाज लावणं अवघड होतं हे खरं. पण पावतीची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने पुढे पाठवली की ती पुन्हा सगळ्यांची झाली. खरा उपाय डेटाबेसला विचारतानाच मालकी विचारण्याचा:

```
SELECT * FROM receipts WHERE id = ? AND member_id = ?
```

यातलं दुसरं `?` भरायचं ते सेशनमधून, ब्राउझरने पाठवलेल्या मजकुरातून नव्हे. ब्राउझरकडून `member_id` घेऊन या ओळीत भरणारी पोर्टलंही असतात. ओळ बरोबर दिसते आणि काहीच अडत नाही.

दोष सापडला म्हणजे काम झालं असं नसतं, हे फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात दिसलं. घरखरेदीच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या या कंपनीच्या संकेतस्थळावर पत्त्यातला क्रमांक बदलला की दुसऱ्याचे कागद उघडत, आणि त्यासाठी लॉगिनही लागत नसे. मे २०१९ मध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांनी ते उघड केलं तेव्हा तिथे २००३ पासूनचे तब्बल ८८.५ कोटी कागद होते. पुढे अमेरिकेच्या रोखे आयोगाने म्हटलं, की कंपनीच्याच सुरक्षा विभागाने जानेवारी २०१९ च्या अहवालात हा दोष नोंदवला होता. तो दुरुस्त झाला नाही, आणि कंपनीच्या वतीने निवेदन देणाऱ्या वरिष्ठांपर्यंत पोहोचलाही नाही. २०२१ मध्ये यासाठी ४,८७,६१६ डॉलर दंड बसला.

त्यामुळे पतसंस्थेच्या अहवालात मी ‘प्रवेशनियंत्रण सदोष’ असलं मोघम वाक्य टाळते. सुमनने लॉगिन केलं, १०३८ मागितलं, बाळूचं नाव दिसलं, हे पडद्याच्या चित्रासह लिहिते. संचालक मंडळातल्या शिक्षकांनाही ते वाचून कळतं, आणि विकासकाला पाच मिनिटांत तोच प्रकार स्वतः करून बघता येतो. दुरुस्ती झाली असं कळवलं गेलं की फेरतपासणी करायची, आणि ती फक्त कळवलेल्या पानाची करायची नाही. विकासकाने `receipt.php` मध्ये मालकीची अट घातलेली असते, तिथे आता `404` येतं. मग `receipt_pdf.php?id=1038` उघडायचं. तिथे बाळूची पावती बऱ्याचदा अजून असते.